सहा फुटांवरून वाचता येणारं पोस्टर

आमच्या लेखात माझं नाव चौथं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या चौथ्या नावापासून सुरू झालं.

मी कान तपासतो. सोलापुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, कान-नाक-घसा विभागात, कंत्राटावर. माणसाला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचा, एकेक आवाज सोडत जायचं. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. जिथं बटण दाबलं जात नाही तिथं त्याचा कान संपला, असं कागदावर टिंब मांडायचं. टिंबं जोडली की रेघ होते. कान जितका गेलेला, तितकी रेघ खाली उतरते.

या नोकरीपर्यंत मला कोणी आणून सोडलेलं नाही. माझे वडील यंत्रमागावर काम करतात; आम्ही घरी तेलुगू बोलतो आणि त्यांना नायना म्हणतो. शाळेत असताना मी त्याच कारखान्यात कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरल्या. नंतर बाजारात टॉवेल-चादरी विकल्या, त्यातून डिप्लोमाची फी भरली. बाजारात मी एक गोष्ट शिकलो. समोरच्याला काय पाहिजे ते आधी ओळखायचं आणि त्याने तोंड उघडेपर्यंत आपण गप्प बसायचं. माझ्याइतकं गप्प बसणारा विक्रेता त्या रांगेत दुसरा नव्हता. माझ्याइतकं भांडणाराही नव्हता.

मागवाल्यांचे कान तपासायची कल्पना माझी होती. नायनांना माझी लहानपणची हाक ऐकू यायची, मोठेपणची येत नाही. त्यासाठी मला कुठलं पुस्तक वाचावं लागलं नाही. विभागप्रमुख मॅडमना मी ते सांगितलं. त्यांनी ते त्यांच्या हाताखाली एमएस करणाऱ्या एका डॉक्टर मुलीला प्रबंधाचा विषय म्हणून दिलं. मुलगी कुर्डुवाडीची, रेल्वेतल्या कामगाराची, कष्टाळू. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आता नाही.

पाळी संपल्यावर लगेच कामगार आणा, असं मॅडमचं म्हणणं होतं. मी म्हटलं, जमणार नाही. आठ तास मागापाशी उभा राहिलेला कान काही तास बधिर असतो, तेव्हा तपासला तर खोटी रेघ येते. तपासायचं तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळीच. आणि सुट्टीचा दिवस कोण देणार? नायनांनी तो मिळवला. प्रत्येकाच्या दारात जाऊन, ओरडून ओरडून बोलत, त्यांनी माणसं आणली. दोन वर्षं दर सुट्टीला सकाळी आमच्या खोलीबाहेरच्या बाकावर धुतलेल्या कपड्यांतली चार-पाच माणसं बसलेली असायची.

मग लेख छापून आला. अकरा पानं. पहिलं नाव त्या मुलीचं, दुसरं मॅडमचं, तिसरं एका डॉक्टरांचं, ज्यांना आमच्या तपासणीच्या खोलीचा दरवाजा आत उघडतो की बाहेर हे सांगता आलं नसतं. चौथा मी.

लेखाची प्रत मी घरी नेली. नायनांनी पानं उलटली.

"ह्यात मी कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी आलेखातलं एक टिंब दाखवलं. ते त्यांचंच होतं असं नाही, पण त्यांच्यासारख्यांचं होतं. त्यांनी त्या टिंबावर बोट ठेवलं आणि मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "मालक वाचतात का हे?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर मला चार महिन्यांनी मिळालं. आमच्या कॉलेजात कान-नाक-घसा डॉक्टरांचं राज्य पातळीवरचं अधिवेशन ठरलं. पोस्टरची स्पर्धा होती. मालकांच्या एका मंडळाने दोन दिवसांच्या जेवणाचा भार उचलला होता आणि त्यांचे अध्यक्ष उद्घाटनाला येणार होते. पोस्टरं लागणार होती जेवणाच्या दालनाच्या वाटेवर. ताट घ्यायला जाणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यांच्यासमोरून जावं लागणार होतं. मी घरी जाऊन नायनांना सांगितलं, "भिंतीवर लागणार. मालक बघणार." मी ते ओठ नीट हलवून सांगितलं आणि त्यांना ते एका दमात कळलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना कळलं.

पोस्टरचे नियम आले: इंग्रजीत, उभं, तीन फूट रुंद, चार फूट उंच, तीनशे शब्दांपेक्षा जास्त मजकूर नको, सहा फुटांवरून वाचता आलं पाहिजे. मुलीने पहिला मसुदा केला. तिने लेखच कापून चिकटवला होता. गोषवारा, प्रस्तावना, पद्धत, पाच तक्ते, चर्चा, बावीस संदर्भ. नमुना छापायला मी तो माझ्या ओळखीच्या फ्लेक्सवाल्याकडे नेला. त्याने संगणकावर फाइल उघडली आणि मान मागे घेतली.

"क्या भाई, पोस्टर है या रेशन की लिस्ट? इत्ता बारीक कौन पढ़िंगा?"

"तीन फूट बाय चार फूट आहे."

"दस फूट का करो, तब बी कोई नै पढ़ता. वाढदिवसाच्या बोर्डावर मी किती शब्द टाकतो? पाच. बाकी फोटो."

मी त्याच्यावर चिडलो, पण तो बरोबर होता. मी दुकानाच्या बाहेर येऊन सहा फुटांवर उभा राहिलो. मुंग्या दिसत होत्या.

परत आल्यावर मी मुलीला म्हटलं, "चादरीच्या दुकानात सगळ्या चादरी उलगडत नाहीत. एक उलगडायची. बाकीच्यांच्या घड्या दिसल्या पाहिजेत, बस."

"पण दादा, कुठली उलगडायची?"

ते ठरवायला आम्हांला एक आठवडा लागला, आणि सांगतो, त्या आठवड्याइतका आनंद मला या विभागात कधी झाला नाही. गोषवारा काढला, कारण पोस्टर स्वतःच गोषवारा असतो. प्रस्तावना दोन ओळींवर आणली. पद्धतीचा परिच्छेद काढून एका रांगेत चार चित्रं घातली. संदर्भ तीन ठेवले, सगळ्यात खाली, बारीक. तक्त्यांचे आलेख केले. मुलगी प्रत्येक वाक्यासाठी लढायची.

"हे लई महत्त्वाचं हाय की, दादा."

"किती?"

"लई."

"दहा शब्दांत सांग."

ती मोजायची, बोटं दुमडत. "चौदा होतायत."

"बारा. शेवटचं सांगतो."

असे आम्ही हसत हसत साडेतीन हजार शब्दांवरून दोनशे ऐंशीवर आलो.

पोस्टरवर चार खण झाले, वरून खाली. पहिल्यात यंत्रमागाचं चित्र आणि त्याशेजारी आवाज मोजायच्या मीटरचा काटा, मर्यादेच्या रेघेच्या पुढे गेलेला. दुसऱ्यात कोणाचे कान तपासले ते. तिसरा खण सगळ्यात मोठा, अर्धं पोस्टर व्यापणारा, आणि त्यात एकच आलेख. त्यात दोन रेघा होत्या. एक मागवाल्यांची, एक त्यांच्याच वयाच्या, पण मागाजवळ कधी न गेलेल्या माणसांची; दुकानातले कारकून, शाळेतले शिपाई. दोन्ही रेघा बरोबर चालत येतात. मग शिट्टीसारख्या उंच आवाजापाशी मागवाल्यांची रेघ खड्ड्यात पडते आणि पुढे थोडी वर येते. तो खड्डा गोंगाटाची खूण असतो. नुसत्या वयाने गेलेल्या कानात तो नसतो, वयाने रेघ उताराला लागल्यासारखी शेवटपर्यंत खाली जाते. चौथ्या खणात काय करायचं ते: कामाला लागल्यापासून दर वर्षी तपासणी, कानाला संरक्षण. खणांतून खाली उतरणारा एक जाड बाण. माग, कान, खड्डा, उपाय. वर शीर्षक. लेखाचं शीर्षक 'अमुक कामगारांमधील श्रवणदोषाचे प्रमाण व स्वरूप' असं होतं. पोस्टरवर आम्ही निष्कर्षच शीर्षक केला: मागाच्या आवाजाने पहिल्या काही वर्षांतच कान जायला लागतो.

नमुना भिंतीला लावून आम्ही सहा फुटांवर उभे राहिलो. मुलगी म्हणाली, "दादा, आता हे माझ्या आईलाबी कळंल."

मॅडमनी तो नमुना लॅपटॉपवर बघितला. बराच वेळ बघितला. त्यांच्या केबिनमध्ये मी एकटाच होतो; मुलगी वॉर्डात होती.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "थोडी गर्दी वाटतेय. पहिला खण काढू या का?"

"पहिल्या खणात बावीस शब्द आहेत, मॅडम. सगळ्यात कमी."

"शब्दांचं नाही हो. चित्र जड आहे. डोळा तिथंच अडकतो."

"अडकायलाच पाहिजे."

त्यांनी चष्मा काढला. "आणि तिसऱ्यात दोन रेघा आहेत. दुसरी कोणाची, ते समजावायला खाली ओळी घालाव्या लागल्यात. त्यापेक्षा तक्ता चारचा आलेख घ्या ना. वयोगटाप्रमाणे. एक गट, एक खांब. सुटसुटीत."

मी गप्प बसलो. तक्ता चार खोटा नव्हता. वय जास्त, त्याला ऐकू कमी. आमच्या माणसांत तसंच होतं. पण ज्याचं वय जास्त, त्याची मागापाशी उभं राहण्याची वर्षंही जास्त होती. लेखात हे सहाव्या पानावर नीट लिहिलेलं आहे. पोस्टरवर सहावं पान नसतं.

मी गप्पच होतो, म्हणून शेवटी त्या बोलल्या. "अहो, जर्नलमध्ये छापलंय तोवर कोणी वाचत नाही. भिंतीवर लागलं की सगळे वाचतात. अध्यक्षांना घेऊन मीच तिथून जाणार आहे. पुढच्या टप्प्यात आपल्याला तीच माणसं पुन्हा तपासायचीत, त्यांच्याच कारखान्यांतली. परवानगीचं पत्र कोण देतं? तुम्ही?"

आता मला कळलं होतं त्यांना काय पाहिजे ते. आणि हेही कळलं होतं, की ते माझ्याशिवाय त्यांना मिळणार नाही. मुलीची परीक्षा तोंडावर होती. पोस्टरची फाइल माझ्याकडे होती. समोर उभं राहून ते समजावून सांगू शकेल असा माणूस विभागात मी एकटा होतो.

इथं मी 'नाही' म्हणायला पाहिजे होतं. 'पत्र मी आणतो' म्हणायला पाहिजे होतं. मी मालकांना टॉवेल विकलेत, मला त्यांच्याशी बोलता येतं. पण माझ्या डोक्यात चौथं नाव होतं. लेख छापून आल्यापासून ते तिथं खड्यासारखं बसलं होतं.

"नाव," मी म्हटलं.

"कसलं?"

"पोस्टरवर पहिलं नाव माझं. सादर मीच करणार. आणि प्रमाणपत्रावरही तसंच."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "एवढंच?" त्या म्हणाल्या.

बाजारात हा शब्द ऐकला, की समजायचं आपण माल कवडीमोल विकून टाकला. तो शब्द अजून माझ्या कानात आहे. माझे कान अजून बरे आहेत, त्याचा हा फायदा.

मग मी ते केलं. कोणी माझा हात धरला नव्हता. माग काढला, मीटर काढला. कारकुनांची रेघ काढली. खड्डा गेला. तिथं चार खांब आले, वयाप्रमाणे ठेंगणे होत जाणारे. नुसते खांब रुक्ष दिसत होते म्हणून मी प्रत्येक खांबाच्या माथ्यावर माणसाची आकृती काढली: पहिला ताठ, दुसरा मिशीवाला, तिसरा जरा वाकलेला, चौथा काठी टेकणारा. छान काढल्या. शीर्षक झालं 'यंत्रमाग कामगारांची श्रवणक्षमता: वयोगटानुसार'. मोकळी जागा वाढली. जाड बाण वरच्या तरण्या माणसापासून निघून खालच्या काठीवाल्यापर्यंत डौलात वळत गेला. पूर्ण लेख ज्याला पाहिजे त्याच्यासाठी कोपऱ्यात क्यूआर कोड. शब्द एकशे नव्वद. पहिलं नाव माझं, जाड अक्षरात.

मुलगी वॉर्डातून आली आणि बघत राहिली.

"आकडे तेच हायती की, दादा," ती हळूच म्हणाली. "पण बघितलं की दुसरंच कळतंय."

"एक वाक्य खोटं दाखव."

"वाक्य न्हाय. बाण."

"तुझं नाव लेखात पहिलं आहे ना? मग तुला काय जातंय? अभ्यास कर जा!"

मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. ती पिशवी उचलून गेली. नंतर तिने मला 'दादा' म्हटलं नाही, 'सर' म्हणाली.

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून पोस्टरशेजारी उभा होतो. आजूबाजूची पोस्टरं म्हणजे आमच्या पहिल्या मसुद्याची भावंडं होती. बारीक अक्षरांच्या भिंती, त्यांच्यासमोर कोणी थांबत नव्हतं. माझ्यासमोर थांबत होते. लांबून कळत होतं ना. मॅडम अध्यक्षांना घेऊन आल्या. त्यांच्या हातात रिकामं ताट होतं. त्यांची नजर वरच्या माणसापासून बाणावरून घसरत काठीवाल्यापाशी आली. जेमतेम वीस सेकंद.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "वय झालं की कान जातातच. आमच्या वडिलांचंही तसंच." आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. "सोपं करून सांगितलंय. असं पाहिजे."

मला तोंड होतं. माझ्याजवळ दोन मिनिटं होती, आणि समोर तो माणूस, ज्याने हे बघावं म्हणून बाकावरच्या माणसांनी सुट्ट्या दिल्या होत्या. मी म्हटलं, "थँक्यू सर."

संध्याकाळी निकाल लागला. मांडणीच्या स्पष्टतेसाठी दुसरं बक्षीस. प्रमाणपत्रावर पहिलं नाव माझं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नायना आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, टोपी. सोबत त्यांच्या शेजारच्या मागावरचे काका, अक्कलकोटकडचे, चाळीस वर्षं नायनांच्या उजव्या हाताला उभे राहिलेले. दारावरच्या माणसाने अडवलं असणार, कारण काका घाईघाईने सांगत होते, "आवो, ह्येंच्या पोराचं हाय तितं. बक्षीस लागलंय की."

माग चालू असतात तेव्हा कारखान्यात कोणी बोलत नाही. बोलून उपयोग नसतो. दोरा तुटला, कांडी संपली, मालक आला, चहा आला, सगळं हाताने आणि ओठांनी सांगायचं, दहा मागांच्या पलीकडे. अशी माणसं चित्र वाचण्यात कोणत्याही प्राध्यापकापेक्षा हुशार असतात. त्या दोघांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि माझं पोस्टर तर अक्षरांशिवाय कळावं असंच मी केलं होतं.

नायना सहा फुटांवर थांबले. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप तिथंच थांबले. त्यांनी उजव्या हाताचं बोट हवेत धरलं आणि बाणाच्या कडेकडेने खाली आणलं. ताठ माणूस. मिशीवाला. वाकलेला. काठीवाला. बोट तिथं थांबलं. मग ते परत वर नेलं, जणू दोरा कुठं तुटला ते शोधतायत.

काकांनी विचारलं, "माग कुटं हाय रं?"

मी पोस्टरची सुटलेली कड दाबली.

"मागाचं चितार न्हाय व्हय? आमी तर म्हनलं, सगळ्यात वर माग आसंल."

"जागा नव्हती, काका."

काकांनी पोस्टरवरच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. ती मीच वाढवलेली होती.

नायना माझ्याकडे वळले. ज्यांना ऐकू येत नाही ते मोठ्याने बोलतात. आपला आवाज केवढा आहे ते त्यांना कळत नाही. शांत दालनात, डॉक्टरांच्या मधोमध, त्यांनी तेलुगूत विचारलं, "म्हणजे म्हातारे झालो म्हणून, असं लिहिलंयस?"

ताटं घेऊन जाणारे वळून बघायला लागले. त्यांना उत्तर द्यायचं तर मला ओरडावं लागलं असतं. तिथं, त्या लोकांसमोर, 'नाही, मागाने, आवाजाने' असं ओरडलो असतो तर कदाचित सगळं तिथंच सुधारलं असतं. मी आयुष्यभर भांडत आलोय. टॉवेलाच्या एका घडीसाठी मी रस्ता डोक्यावर घेतलाय. त्या दुपारी माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. मी नुसते ओठ हलवले. म्हटलं, आत आहे, लेखात आहे, आणि कोपऱ्यातल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाकडे बोट केलं.

काकांनी खिशातून मोबाइल काढला. मी त्यांना तो चौकोनावर धरून दिला. पडद्यावर लेख उघडला: इंग्रजी, दोन रकाने, मुंग्या. काकांनी अंगठ्याने तो वर सरकवला, अजून सरकवला, आणि मोबाइल बंद करून खिशात ठेवला. दोन दिवसांत माझ्यासमोर तो कोड उघडणारा तो एकच माणूस.

"बरं हाय," काका म्हणाले. "रंग झ्याक हायती."

नायना दाराकडे वळले. जाताना त्यांनी पोस्टरवरच्या काठीवाल्याकडे पुन्हा एकदा बघितलं.

मी त्याच आठवड्यात मॅडमशी भांडलो. टेबलावर हात आपटला. त्या शांतपणे म्हणाल्या, "लेखात सगळं आहे. आपण काहीही लपवलेलं नाही. पोस्टर तुम्ही केलंत, पहिलं नाव तुमचं आहे." त्यांनी मला फसवलं असं मी अजून म्हणतो, जो ऐकेल त्याला सांगतो. पण त्यांनी मागितलं आणि मी दिलं, आणि भावही मीच सांगितला होता.

जुनी फाइल माझ्याकडे होती. चार खणांची, मागाची, खड्ड्याची. फ्लेक्सवाल्याकडून मी ती छापून घेतली. त्याने लांबून बघून म्हटलं, "ये वाला अच्छा है. वो दूसरा कायकू बनाया?" त्याला मी शिवी दिली. तो फ्लेक्स घेऊन मी नायनांच्या कारखान्यात गेलो. मुकादमाने अर्धा उलगडून बघितला आणि परत गुंडाळला. "बक्षीस मिळालेलं ते वेगळं हाय ना? त्याची प्रत साहेबांनी मागवलीय. ती लावणार हाय दाराशी." आणि ती खरंच लागली. जिथं कामगार पाळीला येताना अंगठा लावतात तिथं, माझ्या नावासकट. चांगल्या जाड फ्लेक्सवर.

परवानगीचं पत्र आलं. मॅडमचं तेवढं खरं झालं. दुसऱ्या टप्प्याची तपासणी मागच्या महिन्यात सुरू करायची होती, तीच माणसं, दोन वर्षांनी, सुट्टीच्या दिवशी सकाळी. मी यादी करून प्रत्येकाला फोन केला. सगळे 'व्हय, येतो की' म्हणाले.

पहिल्या सुट्टीला मी आठ वाजता खोली उघडली. मशीन लावलं की आधी हेडफोन स्वतःच्या कानाला लावून बघायचा असतो, आवाज नीट येतोय की नाही. रोजचा नियम आहे. एकेक आवाज सोडला. उंच शिट्टीपाशी मला डाव्या कानात थोडं जास्त वाढवावं लागतं. कांड्या भरायच्या वर्षांतला तो छोटा खड्डा मला पूर्वीपासून माहीत आहे. मग हेडफोन काढून बाहेर बघितलं. बाक रिकामा होता.

साडेनऊला मी काकांना फोन लावला. मागे घरातल्या टीव्हीचा आवाज येत होता, खूप मोठा.

"येतो म्हणालात ना, काका?"

"आता काय तपासायचं रं," ते म्हणाले. रागाने नाही. "वय झालं म्हणून कान गेलं, तू लावलंयस की तितं. वयाला कोण औषध देतंय? सुट्टीचं झोपू दे."

"काका, ते तसं नाही—"

"काय?"

"ते वयाने नाही!" मी ओरडलो.

"आँ? ऐकू यीना रं. ठेवतो."

त्यानंतर तीन सुट्ट्या झाल्या. कोणी आलं नाही. नायनाही आले नाहीत. त्या दिवशी सकाळी ते उशिरापर्यंत पडून असतात, आणि मी दारातून हाक मारतो ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही. जवळ जाऊन खांदा हलवायला मला धीर होत नाही. मी आठला खोली उघडतो, मशीन लावतो, बाराला बंद करतो. नोंदवहीत तारीख लिहितो आणि पुढे रेघ ओढतो.